लाल केस येतात कुठून?

लाल केसांसाठी शरीर काही खास लाल रंग तयार करतं, अशी आपली सहज समजूत असते. तसं काही नसतं. माणसाच्या केसात मेलॅनिन या रंगद्रव्याचे दोनच प्रकार असतात: काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि पिवळट-तांबूस फिओमेलॅनिन. काळ्याभोर केसांतही थोडं फिओमेलॅनिन असतंच, फक्त युमेलॅनिनच्या गर्दीत ते दिसत नाही. लाल केसांत ही गर्दी ओसरलेली असते आणि फिओमेलॅनिन भरपूर असतं. तेव्हा प्रश्न लाल रंग कुठून आला हा नाही, काळा का बनला नाही हा आहे.

दोन्ही रंगद्रव्यं एकाच पेशीत बनतात. तिचं नाव मेलॅनोसाइट. ती केसाच्या मुळाशी आणि त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असते. सुरुवातीचा कच्चा मालही एकच, टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल. टायरोसिनेज हे विकर त्याचं रूपांतर करायला लागतं, आणि एका टप्प्यावर वाट दुभंगते. सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आसपास असेल आणि टायरोसिनेजचा जोर बेताचा असेल, तर सिस्टीन त्या साखळीत शिरतं आणि फिओमेलॅनिन बनतं. जोर वाढला, की सिस्टीन पुरेनासं होतं आणि युमेलॅनिन बनू लागतं. म्हणजे काळा रंग हवा असेल तर पेशीला कुणीतरी 'जोर वाढव' असं सांगावं लागतं. न सांगितल्यास ती आपसूक तांबूस रंगाकडे वळते.

हे सांगण्याचं काम एक हार्मोन करतं, अल्फा-एमएसएच. आणि ऐकण्याचं काम करतो मेलॅनोसाइटच्या पडद्यात बसवलेला एक रिसेप्टर, मेलॅनोकॉर्टिन-१ रिसेप्टर. त्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे त्याचं नाव एमसी१आर. आपल्या १६व्या गुणसूत्राच्या टोकाजवळ हे जनुक बसलेलं आहे. जनुकांच्या जगात ते अगदी छोटं: रिसेप्टर अवघ्या ३१७ अमिनो आम्लांचा, त्यामुळे कामाची अक्षरं साडेनऊशेच्या आसपास. हा रिसेप्टर पेशीच्या पडद्यातून सात वेळा आतबाहेर ये-जा करणाऱ्या दोऱ्यासारखा विणलेला असतो. बाहेरच्या बाजूला हार्मोन चिकटलं, की आतल्या बाजूला सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो. तो पुढे एका नियामक प्रथिनामार्फत टायरोसिनेज आणि त्याच्या सोबत्यांचं उत्पादन वाढवतो. मग युमेलॅनिन.

हा रिसेप्टर बिघडला तर काय होईल, याचा अंदाज आता बांधता येतो. हार्मोन येतं, चिकटायला बघतं, पण आत निरोप पोचत नाही किंवा अर्धाच पोचतो. टायरोसिनेजचा जोर वाढत नाही. पेशी मेलॅनिन बनवत राहते, पण फिओमेलॅनिन. त्यामुळे लाल केस ही एखाद्या नव्या क्षमतेची खूण नाही. एक निरोप नीट न पोचल्याचा तो परिणाम आहे. पुढचं सगळं समजायला ही एकच गोष्ट धरून ठेवली तरी पुरे.

आता एक बिघाड जवळून बघू. रिसेप्टरच्या १५१व्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असायला हवं. त्यासाठी जनुकात CGC ही तीन अक्षरं असतात. काही लोकांत पहिल्या C च्या जागी T येतो, म्हणजे TGC, आणि TGC चा अर्थ आर्जिनिन नव्हे, सिस्टीन. साडेनऊशे अक्षरांत एवढाच फरक. तरी या बदललेल्या रिसेप्टरची घडी नीट बसत नाही आणि त्यातले पुष्कळसे पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत, आतच अडकून राहतात. १६०व्या जागी असाच C चा T झाला, तर आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन येतं आणि परिणाम साधारण तसाच होतो. २९४व्या जागेचा बिघाड वेगळ्या तऱ्हेचा: रिसेप्टर पृष्ठभागावर येतो, हार्मोन चिकटतंही, पण आत सायक्लिक एएमपी वाढत नाही. दाराची बेल वाजत नाही तेव्हा कधी बेलच बसवलेली नसते, कधी बटण असतं पण आतली वायर तुटलेली असते. घरातल्यांच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, कुणी आल्याचं कळत नाही.

युरोपातल्या बहुतेक लाल केसांमागे हे तीन बदल दिसतात. त्यांच्या जोडीला आणखी काही दुर्मीळ पण तितकेच जोरदार बदल आहेत, आणि काही सौम्यही, ज्यांनी रिसेप्टर थोडासाच मंदावतो. इथे जनुकशास्त्राची एक बारकाई उपयोगी पडते. डीएनएमध्ये C नंतर लगेच G आला, तर त्या C वर बऱ्याचदा एक रासायनिक शिक्का बसतो आणि शिक्का बसलेला C सहज T मध्ये बदलतो. अशा जागी बदल होण्याचं प्रमाण इतर जागांपेक्षा दहापट किंवा त्याच्या आसपास असतं. १५१ आणि १६० या दोन्ही जागा नेमक्या अशाच आहेत. ते बदल घडले यात नवल नाही. नवल असलंच, तर ते टिकले याचं. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

माणसात हे लक्षात आलं १९९५ मध्ये. उंदरांमध्ये याच रिसेप्टरच्या बिघाडाने पिवळी फर येते हे दोन वर्षं आधीच कळलं होतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे संशोधक जोनाथन रीस यांच्या गटाने मग लाल केसांच्या आणि उन्हात रापण्याऐवजी भाजून निघणाऱ्या माणसांचं हे जनुक तपासलं. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक जणांत बदल सापडले. काळ्या-तपकिरी केसांच्या लोकांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली होतं. पुढच्याच वर्षी तांबूस घोड्यांतही याच जनुकातला एक बदल सापडला. एकाच जनुकाच्या निरनिराळ्या बिघाडांनी उंदीर, घोडा आणि माणूस असे तिघे एकाच रंगाकडे झुकले होते.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत धड असली तर बहुतेक वेळा काळा-तपकिरी रंग बनण्याइतपत निरोप पोचतो. म्हणून डोकं लाल व्हायला साधारणपणे दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. त्या एकाच तऱ्हेने बिघडलेल्या असायला हव्यात असं मात्र नाही. वडिलांकडून १५१चा बदल आणि आईकडून १६०चा आला तरी चालतं.

एक घर डोळ्यांसमोर आणा. पुण्याची मुलगी आणि ग्लासगोचा लाल केसांचा नवरा. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, तिच्या दोन्ही धड. भारतात हे जोरदार बदल फार विरळ, त्यामुळे हे गृहीत धरायला हरकत नाही. यांच्या प्रत्येक मुलाला एक बिघडलेली प्रत मिळणारच, दुसरी धड. म्हणून एकाही मुलाचं डोकं लाल नसेल. आजी म्हणेल, 'आपल्यावर गेलाय.' तशी खात्री धरू नये. मुलगा मोठा झाला की डोकं काळं-तपकिरी आणि दाढीत मात्र तांब्याची झाक, असं होऊ शकतं. एकच प्रत बिघडलेल्या पुरुषांत हे पुष्कळदा दिसतं. गालांवर बारीक तपकिरी ठिपकेही येऊ शकतात. पुढे त्याने स्कॉटिश मुलीशी लग्न केलं आणि तिच्याकडेही अशी एक लपलेली प्रत असली, तर त्यांच्या दर मुलामागे लाल केसांची शक्यता चारात एक. चार मुलं झाली म्हणून त्यांतलं एक लाल असेलच असं मात्र नाही. अशा चार-चार मुलांच्या घरांपैकी जवळपास ३२ टक्के घरांत एकही लाल डोकं नसेल. त्यामुळे आजोबांचे केस नातवंडांत, पतवंडांत अचानक उगवतात आणि घरात कुजबुज सुरू होते, ती बहुधा निराधार असते.

परदेशातल्या ज्या मंडळींनी डीएनए चाचणी करून कच्ची फाइल उतरवून घेतली आहे, त्यांना हे स्वतः बघता येईल. १५१ची जागा तिथे rs1805007 या नावाने असते आणि १६०ची rs1805008. दोन्हीकडे CC असेल तर हे दोन बदल नाहीत. CT म्हणजे एका प्रतीत बदल, TT म्हणजे दोन्हींत. दोन्ही ठिकाणी CT दिसलं, तर मात्र फाइल एक गोष्ट सांगत नाही: ते दोन बदल दोन वेगळ्या प्रतींवर आहेत, की एकाच प्रतीवर. वेगळ्या प्रतींवर असतील तर दोन्ही प्रती निकामी. एकाच प्रतीवर असतील तर दुसरी धड. व्यवहारात ते बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रतींवरच आढळतात, पण पक्कं उत्तर आईवडिलांची फाइल बघूनच मिळतं. शिवाय दोनच जागा बघून 'माझ्यात काही नाही' असं म्हणू नये. बिघाडाच्या जागा आणखी कितीतरी आहेत आणि अशा चाचण्या त्या सगळ्या वाचत नाहीत.

'दोन प्रती बिघडल्या म्हणजे लाल केस' हे शाळकरी सूत्र तितकंसं चोख नाही, हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-माहितीच्या संग्रहातल्या लाखो लोकांची माहिती तपासली गेली. लाल केसांच्या लोकांत एमसी१आरचे बदल अपेक्षेप्रमाणे सापडले, पण उलट्या बाजूने पाहिलं तर दोन बदललेल्या प्रती असूनही अनेकांचे केस सोनेरी किंवा फिकट तपकिरी होते. इतर काही जनुकं हा कल वाढवतात किंवा दाबतात. त्यांतलं एक याच रिसेप्टरला अडवणारं प्रथिन बनवतं. 'एका जनुकाची गोष्ट' हे वर्णन म्हणूनच बरोबर आहे, पण पूर्ण नाही.

आता टिकण्याचा प्रश्न. जगात लाल केसांचे लोक एक-दोन टक्केच, पण स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जातं. रशियात व्होल्गाच्या खोऱ्यातल्या उदमुर्त लोकांतही ते ठळकपणे दिसतात. उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर समाजांत आणि युरोपातल्या ज्यू समाजांतही दिसतात. असं का, याचा बराच उलगडा आफ्रिकेतल्या लोकांचं हे जनुक तपासल्यावर झाला. २००० साली रीस यांच्यासह काही संशोधकांनी वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांची तुलना केली. आफ्रिकन लोकांच्या या जनुकात अक्षरबदल होते, पण जवळजवळ सगळे निरुपद्रवी. तीन अक्षरांचा शब्द बदलला तरी अमिनो आम्ल तेच राहील, असे. रिसेप्टर बदलणारे बदल जवळपास नव्हतेच. बदल तर सगळीकडे सारखेच घडत असणार. म्हणजे तिथे रिसेप्टर बिघडवणारा प्रत्येक बदल पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढला गेला होता. विषुववृत्ताच्या उन्हात युमेलॅनिनचं कवच नसणं फार महाग पडत असणार.

युरोपात हेच जनुक बदलांनी भरलेलं निघालं. तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांकडे कुठला ना कुठला, निदान सौम्य तरी, बदल असतो. मंद उन्हाच्या प्रदेशात हे बदल मुद्दाम निवडले गेले, कारण गोऱ्या त्वचेत ड जीवनसत्त्व चांगलं बनतं, ही कल्पना लोकप्रिय आहे. पण त्या अभ्यासात एमसी१आरमध्ये अशा निवडीचा ठसा सापडला नाही. आफ्रिकेत असलेला दबाव सैल पडला, एवढ्यानेही दिसणाऱ्या चित्राचा खुलासा होत होता. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण ते कमी मागतं. लाल केसांचा काही फायदा होता असं सिद्ध करावं लागत नाही. तोटा पुरेसा कमी झाला, एवढं पुरतं. गोरेपणाशी निगडित एसएलसी२४ए५ या दुसऱ्या जनुकात मात्र निवडीचे ठसे ठळक आहेत. त्याचं फिकट रूप भारतातही सर्रास आढळतं, आणि आपल्याकडच्या वर्णछटांच्या फरकात त्याचा मोठा वाटा आहे. घारे डोळे तर आणखी वेगळे: त्यांचा मुख्य खटका १५व्या गुणसूत्रावर असतो. लाल केसांशी त्याची गल्लत करू नये.

पूर्व आशियात वेगळीच तऱ्हा. तिथे १६३व्या जागेचा एक बदल बहुसंख्य लोकांत आहे, पण तो सौम्य असल्याने केस काळेच राहतात. जनुकात बदल भरपूर असूनही लाल केस नाहीत, याचं हे चांगलं उदाहरण.

एकदा दबाव सैल पडला की लपून राहणं हेच अशा बदलाचं बळ ठरतं. दहा हजारांचं एक गाव घ्या आणि तिथल्या दर चार प्रतींपैकी एक बिघडलेली आहे असं माना. लग्नं केस न बघता होत असतील, तर दोन्ही प्रती बिघडलेले लोक निघतील ६२५ आणि एकच बिघडलेली असलेले ३,७५०. म्हणजे गावातल्या ५,००० बिघडलेल्या प्रतींपैकी १,२५० लाल डोक्यांत (सोयीसाठी दोन्ही प्रती बिघडलेले सगळे लाल मानून) आणि बाकीच्या ३,७५० काळ्या-तपकिरी डोक्यांत. तीन चतुर्थांश साठा कुणाला दिसतच नाही. लाल केसांचे लोक काही दशकांत नामशेष होणार, अशी बातमी अधूनमधून फिरते. ती लिहिणाऱ्याने हे गणित कधी मांडलेलं नसतं.

बिघडवण्याच्या वाटा अनेक असल्यामुळे लाल केस एका ठिकाणी जन्मून जगभर पसरले असंही मानायची गरज नाही. उत्तर इटली आणि स्पेनमधल्या दोन निअँडरथल अवशेषांत ३०७व्या जागेचा एक बदल सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेत तो बदल घालून बनवलेला रिसेप्टर मंद निघाला, म्हणून काही निअँडरथल लाल केसांचे असावेत असा तर्क मांडला गेला. पण तो बदल आजच्या माणसांत आढळलेला नाही. म्हणजे स्कॉटलंडचे लाल केस निअँडरथलांची देणगी असं त्यावरून म्हणता येत नाही. तर्क खरा असेल, तर तीच वाट दोनदा, स्वतंत्रपणे चालली गेली. जमैकात कृष्णवर्णीय कुटुंबांतही लाल केस दिसतात, आणि २००३ च्या एका अभ्यासात त्यांच्या एमसी१आरमध्येही बदल सापडले. तिथला इतिहास पाहता यात युरोपातून आलेल्या प्रतींचाही हात असणं स्वाभाविक आहे. ऊन कडक असूनही त्या टिकल्या, कारण त्यांना तिथे येऊन फारच थोड्या पिढ्या झाल्या आहेत.

दक्षिण आफ्रिकेतला प्रकार मात्र दिसायला सारखा आणि मुळात वेगळा. तिथे काही कृष्णवर्णीय लोकांची त्वचा विटकरी-तांबूस आणि केसही तांबूस असतात. त्यांच्यात टीवायआरपी१ हे जनुक बिघडलेलं असतं. निरोप नीट पोचतो, पण पुढे युमेलॅनिन बनवणाऱ्या साखळीतलाच एक गडी गैरहजर असतो. हा वर्णहीनतेचा एक प्रकार आहे आणि त्यात डोळ्यांवरही परिणाम होऊ शकतो. अगदी मोजक्या मुलांत हार्मोनच बनत नाही. त्याचं मूळ प्रथिन बनवणारं जनुक बिघडलेलं असतं. १९९८ मध्ये अशा मुलांचं पहिलं वर्णन झालं: लाल केस, लहानपणीच प्रचंड भूक आणि लठ्ठपणा, आणि अधिवृक्क ग्रंथी चालू न होणं. शेवटची गोष्ट उपचार न मिळाल्यास जिवावर बेतते. नुसत्या लाल केसांना कुणी आजार म्हणत नाही, पण केसांसोबत ही लक्षणं असली तर डॉक्टरांनी तिकडे बघायलाच हवं.

एमसी१आरच्या बदलांची किंमत त्वचेवर दिसते. आपण उन्हात रापतो तेव्हा होतं असं: अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींच्या डीएनएला इजा होते, त्या पेशी अल्फा-एमएसएच सोडतात, मेलॅनोसाइट ते ऐकून युमेलॅनिन वाढवतात. ऐकणाराच मंद असेल तर रापणं नाही, भाजणं आहे. म्हणून लाल केसांच्या लोकांत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो. पण ऊन हे एकमेव कारण नाही, असं २०१२ च्या एका प्रयोगाने दाखवलं. मेलॅनोमाला पोषक असा एक जनुकीय बदल काळ्या, लाल आणि पांढऱ्या उंदरांत घातला आणि त्यांना अतिनील किरणांपासून दूर ठेवलं. मेलॅनोमा लाल उंदरांत कितीतरी जास्त झाला. खरी गंमत पांढऱ्या उंदरांत होती. त्यांचा रिसेप्टरही बिघडलेला होता, पण टायरोसिनेज नसल्याने कुठलंच मेलॅनिन बनत नव्हतं, आणि त्यांना मेलॅनोमा फारसा झाला नाही. म्हणजे फिओमेलॅनिन बनवण्याची प्रक्रियाच पेशीला काहीशी जाचक ठरत असावी. एकच प्रत बिघडलेल्या, लाल नसलेल्या माणसांतही धोका थोडा वाढलेला आढळतो. ग्लासगोतल्या त्या काळ्या-तपकिरी केसांच्या, लाल दाढीच्या मुलाने सनस्क्रीन आईच्या नव्हे, बापाच्या त्वचेच्या हिशेबाने लावावं.

आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात, एखाद्याचे केस तांबूस दिसले तर? बहुतेक वेळा मेंदी, ऊन, खारं पाणी. मेंदीचा रंग केसाच्या केराटिनला बाहेरून धरतो. उन्हाने आणि पाण्याने आतलं मेलॅनिन विटतं. दोन्हींत मुळाशी उगवणारा केस काळाच असतो, तेवढं बघितलं की कळतं. लहान मुलाच्या बाबतीत मात्र आणखी एक शक्यता आधी तपासावी. प्रथिनं कमी पडणाऱ्या तीव्र कुपोषणात केस तांबूस, विरळ आणि ओढताच हातात येतील असे होतात. पोट आणि पाय सुजलेले असतात. मेळघाट किंवा नंदुरबारसारख्या भागांत काम करणाऱ्यांना ही खूण ओळखीची असते. असं मूल मधे काही महिने नीट जेवलं आणि पुन्हा उपाशी पडलं, तर एकाच केसावर काळा आणि तांबूस असे आडवे पट्टे येतात. लांब केसांच्या मुलीत ते नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो हे धरलं तर उपासमार कधी झाली होती हेही सांगता येतं. अशा मुलाला डीएनए चाचणी नको, खायला हवं. आहार सुधारला की मुळाशी केस पुन्हा काळा उगवू लागतो. एमसी१आरमुळे लाल असलेल्या केसाच्या बाबतीत असं कधीच होत नाही.